सिंकचे पाणी वॉशिंग मशीनमध्ये उतरते तेव्हा

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की वॉशिंग मशीन दिवसातून दोनदा, कधी तीनदाही चालते. चादरी, अभ्रे, लघवीने भिजलेले कपडे, अंग पुसण्याचे पंचे असे सारे त्यातून जाते. अशा घरात मशीनचे पाणी कोणत्या मार्गाने बाहेर पडते, याची चौकशी मी अलीकडे रुग्णाच्या औषधांबरोबरच करतो. याचे कारण असे की स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना मशीनचा निचऱ्याचा होज ओट्याखाली नेऊन सिंकच्या वेस्ट पाइपला जोडण्याची पद्धत आता पुष्कळ घरांत दिसते. ही सोय नीटनेटकी दिसते. फरशीवर पाणी सांडत नाही, त्यामुळे वृद्धांचा पाय घसरण्याचा धोका कमी होतो, हा तिचा खरा लाभ मी मान्य करतो. परंतु जोडणी चुकीच्या उंचीवर केलेली असेल, तर सिंकमधील खरकटे पाणी मशीनमध्ये उतरते; आणि पाइप तुंबत आलेला असेल, तर मशीनमधील मैले पाणी भाजी धुण्याच्या सिंकमध्ये चढते. दोन्ही गोष्टी ओळखता येतात आणि टाळताही येतात. त्यासाठी आपल्याला ओट्याखालचे कपाट एकदा उघडून पाहावे लागेल.

सिंकच्या भोकात वरून जी गोल जाळी दिसते, ती एका मोठ्या भागाचा केवळ माथा असतो. या संपूर्ण भागाला दुकानात वेस्ट कपलिंग म्हणतात. त्याची स्टीलची कड सिंकच्या तळावर टेकते, गळा भोकातून खाली उतरतो आणि खालून एक मोठा नट त्याला घट्ट आवळून धरतो. स्टील आणि सिंक यांच्यामध्ये रबरी वॉशर असतो. ओट्याखाली थेंब थेंब पाणी गळत असेल, तर बहुतेक वेळा हा वॉशर कडक होऊन चिरलेला असतो किंवा नट ढिला झालेला असतो. नव्या कपलिंगमध्ये उचलून काढता येणारी खोलगट जाळीदार वाटी असते. शिते, मोहरी, कोथिंबिरीचे देठ तीत अडकतात. पुष्कळ घरांत ही वाटी ‘पाणी लवकर जात नाही’ म्हणून काढून ठेवलेली आढळते, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींची सुरुवात तेथूनच होते.

कपलिंगच्या खाली ट्रॅप असावा लागतो. ट्रॅप म्हणजे पाइपला दिलेला असा बाक, की ज्यात थोडे पाणी नेहमी साचून राहते. या साचलेल्या पाण्याचा पडदा गटारातील दुर्गंधी, झुरळे आणि दूषित हवा घरात येऊ देत नाही. साधारणपणे हा पडदा ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल असावा, असा दंडक आहे. वॉश बेसिनखाली आपण पाहतो तो बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप दिसायला सुबक असतो. मात्र स्वयंपाकघरातील तेल आणि पीठ त्याच्या तळाशी लवकर बसते. सिंकसाठी आडव्या ‘पी’ अक्षरासारखा वळलेला गुळगुळीत नळीचा पी ट्रॅप अधिक बरा, असे माझे मत आहे, आणि अनुभवी प्लंबरही तेच सांगतात.

आपल्याकडील बहुसंख्य जुन्या घरांत मात्र सिंकखाली असा ट्रॅप नसतोच. कपलिंगला एक वळ्यावळ्यांचा, हवा तसा वाकणारा प्लास्टिकचा वेस्ट पाइप लावलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक भिंतीतील तोंडात किंवा फरशीतील नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेले असते. नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा पडदा असल्याने दुर्गंधीचे काम भागते. परंतु त्या वळ्यांच्या प्रत्येक घडीत तुपाचा, तेलाचा, पिठाचा थर धरत जातो. ३२ मिलिमीटरचा पाइप आतून हळूहळू बोटाएवढा अरुंद होतो. भर म्हणजे हा पाइप मध्येच सैल होऊन झोळीसारखा लोंबतो, आणि त्या झोळीत खरकटे पाणी कायमचे साचून राहते. उकळते पाणी किंवा भाताची गरम पेज थेट सिंकमध्ये ओतण्याची सवय असेल, तर हे मऊ प्लास्टिक आणखी सैलावते. जागा असेल तेथे ४० मिलिमीटरचा आतून गुळगुळीत, ताठ पाइप बसवावा आणि त्याला बाहेरच्या दिशेने सलग उतार द्यावा.

आता मशीनच्या होजकडे येऊ. तो सिंकच्या निचऱ्याला जोडण्यासाठी कपलिंग आणि ट्रॅप यांच्या दरम्यान, किंवा ट्रॅपच्याच वरच्या भागात, एक लहान बाजूची नळी काढलेली असते. कोणी तिला निपल म्हणतात, कोणी नोझल. आपण नोझल म्हणू. होज तिच्यावर चढवून स्टीलच्या क्लिपने आवळतात. नोझलची जागा ट्रॅपमधील पाण्याच्या पातळीच्या वर आणि सिंकच्या बाजूला असलीच पाहिजे. ते ट्रॅपच्या पलीकडे, गटाराच्या बाजूला काढले, तर पाण्याचा पडदा ओलांडून गटारातील हवा थेट मशीनमध्ये जाते आणि बंद मशीनचे दार उघडताच दुर्गंधी येते. नव्या नोझलविषयी एक लहानशी सूचना: पुष्कळदा त्याचे तोंड आतून प्लास्टिकच्या पातळ पडद्याने किंवा बुचाने बंद केलेले असते, म्हणजे मशीन न जोडणाऱ्यांच्या घरी तेथून पाणी गळू नये. तो पडदा कापायचे राहून गेले, तर मशीन पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि मध्येच थांबते. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

पाणी उलटे का येते, हे समजण्यासाठी एवढेच ध्यानात ठेवावे की सिंकमधून मशीनकडे जाणाऱ्या पाण्याला होजचा सर्वांत उंच बिंदू ओलांडावा लागतो. वेस्ट पाइप अरुंद झाला की सिंकमध्ये सोडलेले पाणी झपाट्याने पुढे जात नाही. ते कपलिंगच्या गळ्यात उभे राहते आणि नोझलमध्ये शिरते. नोझलपासून होज सरळ खाली फरशीकडे उतरत असेल, तर त्या पाण्याला अडवणारे काहीच नसते. पुढून दार असलेल्या बहुतेक मशीनमधील निचऱ्याचा पंप पाणी बाहेर ढकलतो, पण तो बंद असताना बाहेरून येणारे पाणी रोखून धरत नाही. ते पाणी पंपातून मागे जाऊन टाकीच्या तळाशी साचते. दारातून आत पाहिले तर ड्रम कोरडा दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

यावरचा उपाय या कारणातूनच निघतो. होज नोझलला जोडण्याआधी ओट्याखाली शक्य तितका उंच न्यावा, अगदी ओट्याच्या दगडाच्या खालच्या बाजूला टेकेल इतका, आणि तेथे क्लॅम्पने पक्का करून मग खाली वळवून नोझलवर चढवावा. उलट्या ‘यू’ अक्षरासारखी ही कमान झाली. सिंक साधारण आठ ते दहा इंच खोल असते. त्यात नेहमीचे निम्मे-पाऊण पाणी असताना ही कमान पाण्याच्या पातळीच्या वर राहते आणि पाणी ती ओलांडू शकत नाही. होज कमानीवर दबून चिमटला जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. पुष्कळ मशीनच्या पाठीवर होज उंच अडकवण्याची खाच कंपनीने दिलेलीच असते. मशीन भिंतीला चिकटवण्याच्या घाईत होज त्यातून काढून टाकला जातो. कमानीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सिंक काठोकाठ भरले आणि खालचा पाइप पूर्ण तुंबलेला असला, तर पाण्याची पातळी कमानीच्याही वर जाते, आणि तेव्हा कमान निरुपयोगी ठरते.

म्हणून काही जण होजमध्ये एकदिशा झडप बसवतात. दुकानात तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यावर बाण कोरलेला असतो आणि तो मशीनकडून सिंकच्या नळीकडे दाखवणारा हवा. उलटी बसवल्यास मशीनचे पाणी बाहेरच पडत नाही. झडप उपयोगी आहे. पण कपड्यांचे तंतू, केस आणि साबणाचा चिकट थर तिच्या पाकळीवर बसला की ती अर्धवट उघडी राहते, आणि आपण मात्र निर्धास्त असतो. दर तीन महिन्यांनी काढून धुणार असाल तरच ती लावावी, आणि कमानीच्या जोडीने लावावी, कमानीऐवजी नको.

एका घरातील हकिगत सांगतो, म्हणजे हे सारे प्रत्यक्षात कसे उलगडते ते कळेल. एकोणऐंशी वर्षांच्या आजी पक्षाघातानंतर अंथरुणावर होत्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सूनबाईंनी मला बोलावले ते आजींना पुन्हा लघवीचा संसर्ग झाला असावा, या शंकेने. “डॉक्टर, चादर बदलून तासही होत नाही तो वास येतो. औषध बदलायला हवं का?” आजींना ताप नव्हता, ओटीपोटात दुखत नव्हते, त्यांचे भान नेहमीसारखे होते. लघवीच्या तपासणीतही संसर्ग आढळला नाही. मग मी कपाटातील घडी केलेली, न वापरलेली चादर मागवली. वास तिलाही होता, आणि तो लघवीचा नव्हता. आंबलेल्या खरकट्याचा होता. प्रतिजैविकाची गरज नाही, असे मी वहिनींना सांगितले आणि मशीन कोठे आहे ते विचारले.

मशीन स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत होते, पुढून दार असलेले. वर्षभरापूर्वी ओटा नवा केला तेव्हा त्याचा होज भिंतीतून ओट्याखाली आणून सिंकच्या नोझलला जोडला होता. होज फरशीवरून येऊन थेट वर नोझलपर्यंत जात होता, कमान नव्हती. नोझल फरशीपासून हातभर उंचीवर असेल, आणि त्याखालचा वळ्यांचा पाइप झोळीसारखा लोंबत होता. एवढ्यावरून संशय येतो, पण खात्री होत नाही. मशीनच्या आत येणाऱ्या पाण्याची झडप बिघडली, तरीही टाकीत नळाचे पाणी झिरपून साचते, आणि साचलेले पाणी कुजले की त्यालाही वास येतो. दोन्हींचा निवाडा करण्यासाठी आम्ही एक साधी परीक्षा केली. ती आपणही करू शकता.

रात्री शेवटचे धुणे झाल्यावर वहिनींच्या मुलाने मशीन बंद करून प्लग काढला. पुढच्या बाजूला खाली लहान झाकण असते, त्यामागे पंपाची गाळणी असते. पाणी गरम नसल्याची खात्री करून, खाली पसरट परात ठेवून त्याने गाळणी हळूहळू सैल केली आणि आतले सर्व पाणी काढून टाकले. गाळणी धुऊन पुन्हा घट्ट बसवली. त्यानंतर मशीन चालवायचे नाही, असे ठरले. सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी नेहमीप्रमाणे सिंक भरून भांडी धुतली. त्या गेल्यावर मुलाने गाळणी पुन्हा उघडली, तर परातीत जवळजवळ दीड लिटर पाणी आले. ते करडे, तेलकट होते. त्यात मोहरीचे दाणे, शिते आणि कढीपत्त्याचा तुकडा होता. पाणी स्वच्छ निघाले असते, तर दोष नळाकडील झडपेचा ठरला असता. मशीन चालले नव्हते आणि मोहरी कपड्यांबरोबर कोणी धूत नाही. म्हणजे पाणी सिंकमधूनच आले होते, यात शंका उरली नाही. काहीच पाणी निघाले नसते, तर वासाचे कारण दाराच्या रबरी कडेतील बुरशीत किंवा साबणाच्या खणात शोधावे लागले असते.

ही परीक्षा वृद्धांनी स्वतः करू नये. गुडघ्यांवर बसून, ओल्या फरशीवर वाकून करण्याचे हे काम आहे. घरातील तरुण माणसाकडून करून घ्यावे.

प्लंबरने पहिल्या दिवशी वळ्यांचा पाइप काढून ताठ पाइप आणि पी ट्रॅप बसवला, आणि होजला ओट्याखाली कमान दिली. त्याच रात्री परीक्षा पुन्हा केली. सकाळी गाळणीतून फुलपात्रभरही पाणी निघाले नाही, आणि निघाले तेही साबणाचे होते. इतके थोडे पाणी पंपात नेहमीच उरते. कुटुंबाला वाटले, प्रश्न सुटला. मला मात्र दुसऱ्या दिशेची चिंता होती.

कमान आणि झडप सिंकचे पाणी मशीनकडे जाऊ देत नाहीत. मशीनचे पाणी सिंकमध्ये चढण्याला मात्र त्यांचा काहीच अडथळा नसतो. मशीनचा पंप बादलीभर पाणी एक-दोन मिनिटांत ढकलतो. पुढचा पाइप थोडा जरी अरुंद झाला, तरी ते पाणी सोपा मार्ग शोधते, आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वर, कपलिंगच्या जाळीतून सिंकमध्ये. मशीन पाणी टाकत असताना सिंकमध्ये गुडगुड आवाज येऊ लागला, ही पहिली खूण समजावी. जाळीतून फेस वर आला, ही दुसरी. आणि सिंकच्या तळाशी करडे पाणी दिसले, म्हणजे पाइप साफ करण्याची वेळ टळून गेली आहे. निरोगी कुटुंबाच्या नेहमीच्या कपड्यांचे पाणी असे वर आले, तर सिंक साबणाने घासून धुणे पुरेसे आहे; त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. पण ज्या मशीनमध्ये मल-मूत्राने भिजलेल्या चादरी धुतल्या जातात, त्यातील पाणी ज्या सिंकमध्ये पालक धुतला जातो तेथे येणे, हे मी स्वीकारणार नाही. अशा पाण्यातून आतड्यांतील जंतू अन्नापर्यंत पोहोचू शकतात. उलट दिशेने, खरकट्या पाण्यातील जंतू चादरीवर आले, तर शय्याव्रण असलेल्या, लघवीसाठी नळी घातलेल्या किंवा मधुमेहामुळे पायाला भेगा पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती जोखीम अकारण वाढवणे होय. थंड पाण्याच्या धुण्याने हे जंतू मरत नाहीत.

म्हणून त्या घरी मी आठवडाभराने मशीन सिंकपासून वेगळेच करायला सांगितले, आणि ज्या घरांत रुग्ण अंथरुणावर आहे अशा सर्व घरांना माझा हाच सल्ला आहे. ड्राय बाल्कनीत सांडपाण्याचा नहाणी ट्रॅप होता. प्लंबरने त्यावर ४० मिलिमीटरचा एक उभा पाइप पाऊण मीटर उंचीचा भिंतीला बांधून दिला. मशीनचा होज त्याच्या उघड्या तोंडात वरून अडकवला, आत साधारण वीतभर. होजच्या सभोवती मुद्दाम मोकळी जागा ठेवली, ती चिकटपट्टीने बंद केली नाही. या मोकळ्या जागेतून हवा आत जाते, त्यामुळे खालचे पाणी ओढ घेऊन मागे येऊ शकत नाही आणि मशीनमधील पाणीही आपोआप शोषले जात नाही. खालचा मार्ग तुंबला, तर पाणी फरशीवर दिसते. अन्नात किंवा चादरीत लपून शिरत नाही. सिंकखालच्या रिकाम्या नोझलला टोपण घातले. बाल्कनीतील पाइप सांडपाण्याचाच आहे, पावसाच्या पाण्याचा नाही, हे मात्र सोसायटीकडून आधी विचारून घ्यावे. पावसाच्या नळात साबणाचे पाणी सोडू नये. चादरींचा वास गेला. त्यापूर्वी गाळणी आणि साबणाचा खण धुऊन, रिकामे मशीन एकदा सर्वांत गरम पाण्यावर चालवावे लागले, एवढेच.

चादरीवर मल असेल, तर तो हातमोजे घालून आधी शौचालयात काढून टाकावा आणि मगच चादर मशीनमध्ये घालावी. मशीनचे काम घन मल वाहून नेण्याचे नाही. तो गाळणीत आणि होजमध्ये अडकून राहतो. कापड सोसणार असेल, तर अशा चादरी वेगळ्या, ६० अंशांवर धुवाव्यात.

आतापर्यंतचे वर्णन पंप असलेल्या मशीनचे झाले. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन असते आणि वरून कपडे घालण्याच्या काही पूर्ण स्वयंचलित मशीनमध्येही पंप नसतो. त्यातील पाणी केवळ उताराने खाली जाते. अशा मशीनचा होज सिंकच्या नोझलला जोडता येत नाही आणि त्याला कमानही देता येत नाही, कारण पाणी चढ चढणार नाही, टबातच राहील. आपल्या मशीनमध्ये पंप आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. होज फरशीवरच ठेवा असे तेथे लिहिले असेल, तर पंप नाही असे समजावे. पाणी सोडताना घरघर न येता ते नुसते वाहत असेल, तरी तेच. या मशीनचा होज नहाणी ट्रॅपच्या जाळीवर दोन-तीन बोटे उंच सोडावा. तो जाळीच्या भोकात दाबून खुपसू नये. तसे केल्यास ट्रॅप तुंबताच गटाराचे पाणी होजमधून टबात येण्याचा मार्ग आपण स्वतःच तयार करतो. याउलट पंप असलेल्या मशीनचा होज असा फरशीवर टाकून दिला, तर मशीन पाणी भरत राहते आणि ते आपोआप निघून जात राहते. धुणे तासभर लांबते, पाण्याचे बिल वाढते, आणि मशीन बिघडले असा समज होतो. त्याला फरशीपासून निदान ६० सेंटिमीटरची चढण हवीच.

तुंबलेला पाइप मोकळा करण्याच्या रसायनांविषयी डॉक्टर म्हणून बोलणे भाग आहे. बाजारातील पांढरे दाणे बहुधा कॉस्टिक सोड्याचे असतात. पाणी लागताच ते तापतात आणि अरुंद पाइपमधून उसळून तोंडावर येऊ शकतात. मशीन सिंकला जोडलेले असेल, तर हा दाहक द्राव होजमध्ये शिरून पुढच्या वेळी गाळणी उघडणाऱ्याच्या हातावर येण्याची शक्यता असते. एका रसायनाने काम झाले नाही म्हणून त्यावर फरशी साफ करण्याचे ॲसिड ओतणे तर अत्यंत घातक आहे. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, जो दमेकरी वृद्धाला बंद स्वयंपाकघरात गुदमरवू शकतो. डोळ्यात असा द्राव उडाल्यास नळाच्या संथ धारेखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच रुग्णालयात जावे. लिंबू, दूध, तूप असे काही घालू नये. माझ्या मते ट्रॅपखाली बादली ठेवून त्याचे नट हाताने सैल करणे आणि साचलेला गाळ काढणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. बाटली ट्रॅप असो वा पी ट्रॅप, नट हाताने फिरवता येण्यासाठीच बनवलेले असतात. पुन्हा बसवताना वॉशर जागेवर आहे का ते पाहावे, आणि सिंक भरून सोडून सांध्यांवरून कोरडा टिश्यू कागद फिरवावा. तो ओला झाला नाही, तर काम झाले.

ट्रॅपच्या पाण्याविषयी एक गोष्ट उरली. ती मुलांकडे परदेशी किंवा परगावी दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे. वापर नसला की ट्रॅपमधील पाणी आटते आणि पडदा नाहीसा होतो. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगमधील अमोय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तेथील तपासात कोरडे पडलेले फरशीतील ट्रॅप हे एक महत्त्वाचे कारण मानले गेले. न्हाणीघरातील पंखे चालू झाले की निचऱ्याच्या नळातील दूषित तुषार त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढले जात, असा निष्कर्ष निघाला. आपले घर बंद करण्यापूर्वी सिंक, बेसिन, न्हाणीघर आणि बाल्कनीतील प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे आणि त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर पाण्याची वाफ होण्याचा वेग कमी करतो. मशीनची गाळणी उघडून पाणी काढून टाकावे, नळ बंद करावा आणि मशीनचे दार किलकिले ठेवावे. परत आल्यावर खिडक्या उघडून प्रथम प्रत्येक ट्रॅपमध्ये पुन्हा पाणी ओतावे, मग पंखे लावावेत.